उसनी प्रतिकारशक्ती किती दिवस पुरते?

कुत्रा चावला की लस घ्यावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर डॉक्टर दंडावर लस देऊन थांबत नाहीत. जखमेतच आणखी एक इंजेक्शन देतात. आधीच ठणकणाऱ्या जखमेत सुई जाताना पाहून बरोबर आलेली माणसं कळवळून विचारतात, "लस दिलीत ना, मग हे कशाला?" दुसरा प्रश्न तान्ह्या बाळाच्या आईवडिलांचा असतो. बाकीच्या लशी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात, मग गोवराच्या लशीसाठी नऊ महिने, आणि काही देशांत तर वर्षभर, का थांबायचं? गोवर तर जितकं लहान मूल तितका जास्त घातक.

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोघांचं उत्तर एकच आहे. रोगापासून संरक्षण दोन वाटांनी मिळतं. एक शरीराने स्वतः कमावलेलं, दुसरं बाहेरून आयतं आलेलं. पहिल्याला सक्रिय प्रतिकारशक्ती म्हणतात, दुसऱ्याला निष्क्रिय. इथपर्यंत शाळेच्या पुस्तकातही असतं. तिथे सहसा नसते ती पुढची गोष्ट: ही दोन संरक्षणं एकमेकांच्या आड येतात. लशींची वेळापत्रकं जशी आहेत तशी का आहेत, हे त्यातून उलगडतं.

## कमावलेलं आणि आयतं

आधी अँटीबॉडी म्हणजे काय ते पाहू. अँटीबॉडी हे रक्तात फिरणारं एक प्रथिन आहे. त्याचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरची दोन टोकं ठरावीक जंतूला किंवा विषालाच चिकटतात, खालची दांडी मात्र बहुतेकांची सारखी असते. विषाणूच्या अंगावर अँटीबॉडी चिकटल्या की त्याला पेशीत शिरता येत नाही. ही दांडी लक्षात ठेवा, पुढे वारेतून बाळाकडे जाताना तिचंच काम आहे.

नवा जंतू शरीरात आला की त्याच्यावर नेमकी चालणारी अँटीबॉडी बनवू शकणाऱ्या मोजक्या पेशी आधी शोधल्या जातात. मग त्या पेशींची संख्या वाढते, त्यांची निवड होते आणि त्यानंतर उत्पादन सुरू होतं. यात साधारण एक ते दोन आठवडे जातात. पण या खटपटीतून काही पेशी मागे उरतात, त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने उभ्या राहतात.

ही आठवण किती टिकते याचा एक जुना आणि फार सुंदर पुरावा आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर 1781 मध्ये गोवराची साथ आली होती. पुढची पासष्ट वर्षं तिथे गोवर फिरकला नाही. 1846 मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून नोंदी केल्या. साथ बेटांवर वणव्यासारखी पसरली होती. पण 1781 मध्ये ज्यांना गोवर येऊन गेला होता अशा म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा आल्याचं त्याला दिसलं नाही. मधल्या काळात जंतूशी एकदाही गाठ पडली नव्हती, तरी शरीर विसरलं नव्हतं.

आयत्या संरक्षणात ही आठवण नसते. दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी तुमच्या रक्तात येतात, आल्या क्षणापासून कामाला लागतात आणि हळूहळू संपतात. त्या संपल्यावर नव्या बनवणारं कोणी नसतं. स्वतःची प्रतिकारशक्ती म्हणजे खणलेली विहीर: खणायला वेळ लागतो, पण खाली झरा असतो. आयती प्रतिकारशक्ती म्हणजे भरून आणलेली टाकी: पाणी लगेच मिळतं, झरा मात्र नाही.

## वार ओलांडण्याची युक्ती

ही भरलेली टाकी प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा मिळते, ती आईच्या पोटात. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत एकमेकांत मिसळत नाही. त्यांच्यामध्ये पेशींचा एक अखंड थर असतो. तो इतका एकसंध असतो की दोन पेशींमधून निसटून जायला फटही सापडत नाही. प्राणवायू, साखर यांसारखे छोटे कण पलीकडे जातात. अँटीबॉडी हा त्या मानाने अवाढव्य रेणू. तो आपोआप झिरपून जाणं शक्य नाही, त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं.

हे उचलण्याचं काम कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. वारेच्या पेशी आईच्या रक्तातल्या द्रवाचे बारीक घोट घेत असतात. प्रत्येक घोट पेशीच्या आत एका इवल्या पिशवीत येतो आणि पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होऊ लागतं. पिशवीच्या भिंतीवर एक खास प्रथिन असतं, त्याला एफसीआरएन म्हणतात. आम्लधर्मी वातावरणात ते अँटीबॉडीची दांडी घट्ट पकडतं. घोटातली इतर बरीच प्रथिनं पुढे मोडीत निघतात, पकडलेली अँटीबॉडी मात्र वाचते. मग पिशवी पेशीच्या दुसऱ्या कडेला जाऊन बाळाच्या बाजूला उघडते. तिथे आम्लता नसते, त्यामुळे पकड सुटते आणि अँटीबॉडी मोकळी होते. आईच्या आजवरच्या सगळ्या रोगांचा आणि लशींचा अनुभव अशा घोटाघोटाने पलीकडे पोहोचतो.

एफसीआरएन फक्त आयजीजी या प्रकारच्या अँटीबॉडीला पकडतं. नव्या संसर्गात सगळ्यात आधी बनणारी आयजीएम वार ओलांडत नाही. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीएम सापडली तर ती बाळाची स्वतःची धरतात आणि पोटातच संसर्ग झाला असावा अशी शंका घेतात. आयजीजी सापडली तर त्यावरून तसं म्हणता येत नाही. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची अँटीबॉडी तपासणी दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते, बाळाला संसर्ग झालेला नसतानाही. त्या अँटीबॉडी आईच्या असतात. अशा बाळाच्या रक्तात विषाणूचा जनुकीय अंशच शोधावा लागतो. हे माहीत नसेल तर एका कागदावरून घरावर आभाळ कोसळतं.

ही वाहतूक गरोदरपणाच्या साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होते, पण सुरुवातीला फार मंद असते. अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाकडे आईच्या निम्म्याच्या आसपास आयजीजी असते. खरी भर पडते ती शेवटच्या महिन्यात. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात बहुधा आईइतकी किंवा आईपेक्षाही जास्त आयजीजी सापडते. निव्वळ झिरपण्याने असं कधी झालं नसतं, दोन्हीकडे सारखं झाल्यावर ते थांबलंच असतं. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ही शेवटची भर गमावतं.

## आणि आईचं दूध?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. चिकातून आणि दुधातून अँटीबॉडी मिळतात हे खरं आहे, पण त्या मुख्यतः वेगळ्या प्रकारच्या असतात. आयजीए नावाची ही अँटीबॉडी बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर काम करते आणि जुलाबासारख्या आजारांपासून वाचवते. ती रक्तात फारशी शोषली जात नाही. गोवर किंवा धनुर्वातापासून तान्ह्या बाळाचं रक्षण करणारा साठा वारेतूनच आलेला असतो. गाईचं याच्या अगदी उलट आहे. तिच्या वारेतून अँटीबॉडी जात नाहीत, वासराला सगळा साठा चिकातूनच मिळतो आणि तोही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच नीट शोषला जातो. गुरं पाळणारे वासराला लगेच चीक पाजण्याची घाई करतात, ती योग्यच आहे.

## गोवराचा हिशोब

आता टाकी किती दिवस पुरते ते पाहू. आयजीजीचं प्रमाण रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं. बाळात आईच्या अँटीबॉडी थोड्या जास्तही टिकतात. हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण निम्मं व्हायला एक महिना लागतो असं धरू.

समजा, एका आईला लहानपणी गोवर येऊन गेला आहे आणि तिच्या बाळाचा जन्म झाला तेव्हा त्याच्या रक्तात गोवराविरुद्ध 2000 एकक अँटीबॉडी आहेत. संरक्षणासाठी साधारण 120 एकक लागतात असं मानलं जातं. पहिल्या महिन्याअखेर 1000 उरतील, दुसऱ्याच्या अखेरीस 500, तिसऱ्याच्या 250 आणि चौथ्याच्या 125. म्हणजे चार महिन्यांनंतर हे बाळ गोवरासाठी उघडं पडायला लागलं. सहाव्या महिन्याला 31 एकक, नवव्याला चारच्या आसपास.

दुसऱ्या आईला गोवर कधी आला नाही, तिने लस घेतली होती. लशीमुळे ती स्वतः सुरक्षित आहे, पण तिच्या अँटीबॉडींची पातळी सहसा कमी असते. तिच्या बाळाला चौथा हिस्सा, म्हणजे 500 एकक मिळाले असं धरू. ते दोनच महिन्यांत 125 वर येतील.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पहिल्या बाळाकडे चौपट साठा होता, तरी त्याला जास्तीचे फक्त दोनच महिने मिळाले. साठा दुप्पट असला तरी वाढतो एकच महिना. म्हणून जन्माच्या वेळी साठा कितीही भरगच्च असला तरी बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत तो जवळपास संपलेला असतो. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, प्रत्येक बाळाचे वेगळे असतात. उताराची चाल मात्र हीच असते.

## मग चौथ्या महिन्यातच लस का नाही?

साठा चौथ्या महिन्यात कमी पडतो तर लस तेव्हाच द्यावी, असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की रोग रोखायला 125 एकक जेमतेम पुरतात, पण लस निकामी करायला त्याहून पुष्कळ कमीही पुरतात.

गोवराच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याने शरीरात थोडा वाढावा, तेवढ्यात बाळाच्या पेशींनी त्याला ओळखावं आणि शिकावं, अशी ती रचना आहे. आईच्या अँटीबॉडीला हा विषाणू लशीतला आहे की खोकल्यातून आलेला, हे कळत नाही. ती त्याला वाढण्याआधीच पकडते. शिकवणारा वर्गात शिरण्याआधीच दारातून परत जातो. बाळाला टोचलं जातं, कार्डावर नोंद होते, पण स्वतःच्या अँटीबॉडी पुरेशा बनत नाहीत.

त्यामुळे मधे काही महिन्यांची एक वाईट फट राहते. आईचा साठा बाळाला वाचवायला अपुरा असतो, पण लशीला अडवायला पुरेसा असतो. या फटीला पूर्ण उपाय नाही, तडजोड आहे. नऊ महिन्यांना लस दिली तर साधारण 85 टक्के बाळांत संरक्षण तयार होतं, बारा महिन्यांनंतर दिली तर 95 टक्क्यांच्या आसपास. ज्या देशांत गोवर अजून फिरतो आहे तिथे बारा महिने वाट पाहिली तर मधल्या काळात मुलं दगावतील, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिथे नऊ महिन्यांना पहिला डोस द्यायला सांगते. जिथे गोवर क्वचितच दिसतो तिथे बारा महिन्यांपर्यंत थांबणं परवडतं. दोन देशांची वेळापत्रकं वेगळी दिसली म्हणजे एक चुकीचं असं नव्हे.

साथ चालू असेल तर सहा महिन्यांच्या बाळालाही लस देतात, पण तो डोस हिशोबात धरत नाहीत. त्याला शून्य डोस म्हणतात आणि पुढचे ठरलेले डोस द्यावेच लागतात. "एक तर झाला" म्हणून पुढचा टाळणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगायला हवं. शून्य डोस फुकट जात नाही, काही बाळांना तो साथीत वाचवतो, पण भरवशाचं काम नंतरचे डोस करतात.

मग घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लशी सहा-आठ आठवड्यांपासून कशा चालतात? त्या लशींत जिवंत, वाढणारं काही नसतं. जंतूचे तुकडे किंवा निर्विष केलेलं विष ठरलेल्या मात्रेत टोचलेलं असतं. आईच्या अँटीबॉडी तिथेही परिणाम थोडा कमी करतात, पण काम पूर्ण अडवू शकत नाहीत, आणि लागोपाठचे डोस ती कसर भरून काढतात.

## मग आईलाच लस द्यावी का?

होय, आणि काही रोगांत तोच सगळ्यात चांगला मार्ग आहे. नाळेतून शिरणारा नवजात धनुर्वात जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच गाठतो. तितक्या वेळात कोणत्याही लशीने बाळ स्वतःच्या अँटीबॉडी बनवू शकत नाही. म्हणून गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस देतात. ती आईसाठी सक्रिय प्रतिकारशक्ती असते आणि तीच वार ओलांडून बाळासाठी निष्क्रिय होते.

डांग्या खोकल्याचंही तसंच आहे. हा आजार सर्वांत जास्त बळी घेतो ते दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळांचे, ज्यांची स्वतःची लस अजून सुरूच झालेली नसते किंवा नुकती झालेली असते. अनेक देशांत ही लस गरोदरपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत देतात. वरचं वाहतुकीचं गणित आठवलं तर ही वेळ का निवडली ते कळेल. लस दिल्यावर आईच्या रक्तात पातळी वर यायला दोन आठवडे हवेत, आणि वारेतली वाहतूक जोरात असण्याच्या काळात ती वर असायला हवी. मागच्या बाळंतपणात घेतली होती, आता कशाला, असा प्रश्न येतो. आईला कदाचित अजून संरक्षण असेल. पण बाळाला पाठवायला रक्तातली पातळी उंच लागते आणि डांग्या खोकल्याची पातळी लवकर ओसरते. म्हणून दर गरोदरपणात पुन्हा.

गोवराची लस मात्र जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच घेतलेली असावी लागते.

## आता त्या जखमेतल्या इंजेक्शनकडे

रेबीजचा विषाणू चावल्याजागी लाळेतून येतो. तिथून तो मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि मज्जातंतूच्या आतूनच मेंदूकडे सरकतो. एकदा मज्जातंतूत शिरला की रक्तातल्या अँटीबॉडीच्या टप्प्यात तो जवळपास येत नाही, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही. जे काय करायचं ते तो जखमेत असतानाच करावं लागतं. लस पहिल्या दिवशी दिली तरी स्वतःच्या अँटीबॉडी दिसायला सात ते दहा दिवस लागतात. चेहरा, मान, हाताची बोटं अशा मज्जातंतूंनी भरलेल्या जागी चावा असेल तर तेवढे दिवस मिळतीलच असं नाही.

ही सात-दहा दिवसांची उघडी फट झाकायला तयार अँटीबॉडी देतात. त्यांना रेबीज इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. आधी लस घेतलेल्या माणसांच्या किंवा घोड्यांच्या रक्तातून त्या मिळवतात. मात्रा वजनावर ठरते: माणसाकडून मिळवलेलं असेल तर किलोला 20 एकक, घोड्याचं असेल तर किलोला 40 एकक.

वीस किलोचं एक मूल घेऊ. हातावर आणि गालावर मिळून चार-पाच दात रुतलेत. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखमा धुवायच्या. ही पायरी कंटाळवाणी म्हणून उरकू नये, पुष्कळसे विषाणू इथेच वाहून जातात. मग माणसाचं इम्युनोग्लोब्युलिन असेल तर जास्तीत जास्त 400 एकक, घोड्याचं असेल तर 800. ते प्रत्येक जखमेत आणि तिच्या कडेने, जागा मावेल तितकं भरायचं. दात रुतल्याच्या जागा जास्त आणि औषध थोडं असेल तर ते सलाइनमध्ये पातळ करतात, म्हणजे एकही जखम कोरडी राहत नाही. मात्रा मात्र वाढवत नाहीत. लस वेगळ्या जागी, दुसऱ्या सिरिंजने देतात, नाहीतर तयार अँटीबॉडी लशीलाच गाठतील.

मात्रा न वाढवण्याचं कारणही गोवरासारखंच आहे. जास्त तयार अँटीबॉडी दिल्या तर लशीने जे शिकवायचं त्यात अडथळा येतो. याच कारणाने, काही अडचणीमुळे इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या दिवशी मिळालं नाही तर ते लशीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंतच देतात. पुढे स्वतःच्या अँटीबॉडी येऊ लागलेल्या असतात, तेव्हा फायदा नाही, नुकसानच. ज्याने पूर्वी रेबीजच्या लशीचा पूर्ण कोर्स घेतला आहे त्याला तर जखमेत हे इंजेक्शन लागतच नाही, फक्त लशीचे आठवण करून देणारे डोस पुरतात. त्याच्या स्मृतिपेशी जाग्या व्हायला आठवडा लागत नाही.

उलटी चूक मात्र जीवघेणी ठरते. जखमेत इंजेक्शन मिळालं, दुखणंही कमी झालं, म्हणून लशीचे उरलेले डोस सोडून द्यायचे. टाकी काही आठवड्यांत ओसरते आणि विहीर अर्धवट खणून सोडलेली असते. रेबीजची लक्षणं यायला सहसा एक ते तीन महिने लागतात, कधी आणखी जास्त.

## घोड्याचं रक्त माणसाला का?

तयार अँटीबॉडीने उपचार करण्याची पद्धत 1890 मध्ये बर्लिनमध्ये सापडली. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताचं विष पचवलेल्या प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोचलं तर तोही त्या विषापासून वाचतो. रक्तद्रव म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव. एखाद्या विषाविरुद्ध अँटीबॉडींनी भरलेल्या अशा रक्तद्रवाला अँटीसीरम म्हणतात. घटसर्पावरच्या या उपचारासाठी बेरिंगला 1901 चं, वैद्यकशास्त्रातलं पहिलंच नोबेल मिळालं. सर्पदंशावरचं औषध आजही याच तत्त्वावर बनतं. घोड्याला सापाच्या विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या आणि त्याच्या रक्तातून अँटीबॉडी वेगळ्या काढायच्या.

इथे मात्रेचं गणित रेबीजपेक्षा निराळं आहे आणि ते नातेवाइकांना धक्का देतं. सर्पदंश झालेल्या लहान मुलाला मोठ्या माणसाइतकंच औषध देतात, कमी नाही. सापाने विष किती सोडलं ते चावलेल्याच्या वजनावर ठरत नाही, आणि औषधाने निकामी करायचं आहे ते विष. डॉक्टर मुलाला "मोठ्यांचा डोस" देताना दिसले तर ती चूक समजू नये.

अँटीसीरमची मर्यादा एका वाक्यात सांगता येते: ते मोकळ्या विषाला पकडतं, पेशीला चिकटलेल्या विषाला सोडवू शकत नाही. धनुर्वाताचं विष मज्जातंतूत शिरल्यावर दिलेलं औषध त्याआधी झालेलं नुकसान भरून काढत नाही, पुढचं थांबवतं. घटसर्पातही तसंच. म्हणून घटसर्पाची दाट शंका असेल तर घशातल्या नमुन्याच्या अहवालाची वाट न पाहता औषध देतात.

दुसरी अडचण औषधातच आहे. घोड्याची अँटीबॉडी आपल्या शरीराला परकंच प्रथिन. काही जणांना लगेच तीव्र ॲलर्जी येते, म्हणून हे औषध देताना ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवतात. काही जणांना मात्र सगळं ठीक होऊन घरी गेल्यावर, साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप येतो, अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात, सांधे दुखतात. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी 1905 मध्ये या दुखण्याचा नीट अभ्यास केला. ते उशिरा का येतं? तेवढा वेळ शरीराला घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला लागतो. म्हणजे निष्क्रिय संरक्षण द्यायला गेलो आणि शरीराने त्या औषधाविरुद्धच सक्रिय प्रतिकार उभा केला. तोही स्मृती ठेवतो, त्यामुळे पुन्हा कधी तेच औषध घ्यावं लागलं तर त्रास लवकर येऊ शकतो. पूर्वी घोड्याचं औषध घेतलं असेल तर ते डॉक्टरांना न विसरता सांगावं. त्रासाच्या भीतीने सर्पदंशात औषध नाकारणं मात्र चूक आहे. हा ताप उपचाराने बरा होतो.

## अडथळ्यालाच कामाला लावणं

आयत्या अँटीबॉडी शरीराला शिकू देत नाहीत, हा आतापर्यंत अडथळा होता. एका ठिकाणी वैद्यकशास्त्राने तो मुद्दाम वापरला. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात बाळाच्या लाल पेशी आईच्या रक्तात येतात. आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला शिकतं. त्या बाळाला सहसा काही होत नाही. पण पुढच्या गरोदरपणात त्याच अँटीबॉडी, आयजीजी असल्यामुळे, वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडतात. वारेतली उचलणारी यंत्रणा चांगली-वाईट अँटीबॉडी ओळखत नाही.

म्हणून अशा आईला अँटी-डी नावाच्या तयार अँटीबॉडी देतात, बऱ्याच ठिकाणी गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याला आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. त्यांच्यामुळे आईचं शरीर बाळाच्या पेशींविरुद्ध शिकतच नाही. गर्भपात झाला तरीही हे इंजेक्शन लागू शकतं, आणि तिथेच ते राहून जाण्याची शक्यता जास्त असते. आईचं शरीर एकदा अँटीबॉडी बनवायला शिकलं की मग अँटी-डीचा उपयोग नाही. झालेली आठवण पुसता येत नाही.

## सगळ्यांना तयार अँटीबॉडीच का देत नाहीत?

लशीचे डोस, वाट पाहणं, हे सगळं टाळून थेट अँटीबॉडी टोचल्या तर? काही ठिकाणी तेच होत आहे. तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना गाठणाऱ्या आरएसव्ही या विषाणूविरुद्ध निर्सेव्हिमॅब नावाची प्रयोगशाळेत बनवलेली अँटीबॉडी निघाली आहे. तिच्या दांडीत थोडा बदल केलेला आहे, त्यामुळे एफसीआरएन तिला जास्त घट्ट पकडतं. वारेतलं हेच प्रथिन मोठ्यांच्या आणि बाळांच्या शरीरात अँटीबॉडींना मोडीत निघण्यापासून वाचवण्याचंही काम करतं. पकड घट्ट झाल्याने ही अँटीबॉडी निम्मी व्हायला तीन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांहून जास्त काळ लागतो, आणि एका इंजेक्शनवर आरएसव्हीचा एक हंगाम निघतो. पण एकच हंगाम. गोवर किंवा धनुर्वाताचा धोका आयुष्यभराचा असतो, तिथे दर काही महिन्यांनी टोचत राहणं शक्य नाही.

हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला दोन्ही लागतात. जन्मल्यावर शक्यतो बारा तासांत एका मांडीत तयार अँटीबॉडी आणि दुसऱ्या मांडीत लस. ही लस जिवंत विषाणूची नाही, म्हणून शेजारची अँटीबॉडी तिला निकामी करू शकत नाही.

आणि ज्या मुलाला कोणत्याही कारणाने इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्त मिळालं असेल त्याच्या गोवराच्या लशीचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. रक्तदात्यांच्या अँटीबॉडीही आईच्या अँटीबॉडींसारख्याच लशीला अडवतात. काय दिलं आणि किती दिलं यावर ते ठरतं, आणि साधारण तीन ते अकरा महिने थांबावं लागतं. दवाखान्यातून घरी येताना औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहून घेतली तर पुढचा डोस नेमका कधी द्यायचा ते ठरवता येतं.